शंभर रुपयांचा व्यवहार : एका बँक शाखेचा हिशेब

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी एका नागरी सहकारी बँकेची शाखा आहे. बाजार मंगळवारी भरतो, एसटी स्टँड चालत पाच मिनिटांवर आहे, आणि शाखेत शिपायासकट सात माणसे काम करतात. बँकेचे आणि गावाचे नाव इथे देत नाही. ओळख पटू नये म्हणून आकडेही गोल केले आहेत, मात्र त्यांचे आपसातले प्रमाण जसेच्या तसे ठेवले आहे.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. मला बोलावण्याचे कारण मुख्य कार्यालयाचा एक कागद होता. त्यात प्रत्येक शाखेचा महिन्याचा खर्च भागिले त्या महिन्याची व्हाउचर, असा साधा भागाकार केलेला होता. या शाखेचा खर्च ५,००,००० रुपये आणि व्हाउचर ५,०००, म्हणजे एका व्यवहाराला १०० रुपये. बाकी शाखांची सरासरी ७२ रुपये निघाली होती. त्यावरून दोन प्रस्ताव तयार झाले होते. एक लिपिक दुसऱ्या शाखेत हलवायचा, आणि बचत खात्यातून काउंटरवर ५,००० रुपयांपेक्षा कमी रक्कम काढणाऱ्याला शुल्क लावायचे. यातला दुसरा प्रस्ताव मला खटकला. त्या रांगेत कोण उभे असते हे शाखेत एक सकाळ बसलेल्या कुणालाही सांगता येईल. दीड-दोन हजारांसाठी आलेले पेन्शनर असतात, बचत गटाच्या बायका असतात, दुधाचे पैसे जमा झाले का ते बघायला आलेला शेतकरी असतो. त्यांच्यामुळे शाखा महाग पडते असे म्हणायचे असेल, तर आधी ते मोजून बघायला हवे होते.

पाच लाखांतून आधी काय बाजूला काढायचे

पहिली चूक अंशातच होती. पाच लाखांचा सगळा खर्च काही काउंटरवरच्या व्यवहारांसाठी होत नाही. शाखाधिकाऱ्यांचा बराचसा वेळ कर्जप्रकरणे, वसुली आणि ठेवी मिळवण्यात जातो. एक लिपिक पूर्णवेळ कर्जाच्या टेबलावर असतो. अकाउंटंटकडेही तारणाचे कागद आणि कर्जखात्यांचे काम असते. या सगळ्यांचा पगार, शिपायाचा थोडा वेळ, त्यांनी व्यापलेली जागा आणि वापरलेली यंत्रणा धरून १,४०,००० रुपये बाजूला निघाले. हा खर्च कर्जावरच्या व्याजातून भरून यायचा असतो. पैसे काढायला आलेल्या आजीच्या स्लिपवर तो लादायचे काहीच कारण नाही.

उरले ३,६०,००० रुपये. त्यांचे मी तीनच ढीग केले. ॲक्टिव्हिटी कॉस्टिंग, म्हणजे खर्च एकेका कामावर वाटण्याची पद्धत, शिकवताना पंधरा-वीस ढीग दाखवतात, पण सात माणसांच्या शाखेत तसे केले तर दुसऱ्या महिन्यात कुणी ते भरत नाही.

पहिला ढीग काउंटरचा. हेड कॅशियर, दोन लिपिक, शिपायाचा बहुतेक वेळ, आणि ग्राहकांसाठीची जागा, वीज, कॉम्प्युटर, कोअर बँकिंगचा खर्च असे मिळून २,३४,००० रुपये. दुसरा ढीग पासिंगचा, म्हणजे काउंटरवर झालेला व्यवहार अधिकाऱ्याने तपासून मंजूर करण्याचा. त्यात अकाउंटंटचा सत्तर टक्के वेळ, शाखाधिकाऱ्यांचा चाळीस टक्के वेळ आणि त्यांच्या वाट्याची जागा, असे ९५,००० रुपये. तिसरा ढीग निव्वळ रोकडीचा. रोकड नेण्या-आणण्याचा खर्च, रोकडीचा विमा आणि नोटा मोजण्याच्या मशीनची देखभाल व घसारा, असे ३१,००० रुपये.

वेळ विचारू नका, बघा

आता हे ढीग वेगवेगळ्या कामांवर वाटायचे. जुनी पद्धत अशी होती की कर्मचाऱ्यांना तक्ता द्यायचा आणि विचारायचे, तुमचा किती टक्के वेळ कशात जातो? मुख्य कार्यालयाने हा तक्ता आधीच भरून घेतला होता. पाहिला तर प्रत्येकाची बेरीज बरोबर शंभर. 'रिकामा वेळ' असा रकाना दिलेला असूनही तो सगळ्यांनी कोरा ठेवला होता. यात कुणी खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. आपण महिन्याच्या वीस तारखेला दुपारी तीन वाजता दहा मिनिटे मोकळे बसलो होतो, हे कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि राहिले तरी बदलीच्या दिवसांत ते कुणी लिहून देत नाही. पण परिणाम असा होतो की रिकाम्या वेळाचा खर्चही गुपचूप ग्राहकाच्या व्यवहारात मिसळतो आणि प्रत्येक व्यवहार महाग दिसू लागतो. ॲक्टिव्हिटी कॉस्टिंग रूढ करणाऱ्या रॉबर्ट कॅप्लन यांनी स्टीव्हन अँडरसन यांच्याबरोबर २००४ मध्ये वेळेवर आधारलेली सुधारित पद्धत मांडली, तिच्यामागे हेच दुखणे होते. त्या पद्धतीत दोनच गोष्टी लागतात. एका मिनिटाचा खर्च किती, आणि एका कामाला मिनिटे किती.

मिनिटांचा पहिला स्रोत म्हणून मला कोअर बँकिंगच्या नोंदींचा उतारा मिळाला. त्यात रोख भरण्याला सरासरी चाळीस सेकंद लागत होते. हा आकडा घेऊन बसलो असतो तर सगळा हिशेब फसला असता. कॅशियर आधी नोटा मोजतो, स्लिपवरच्या तपशिलाशी ताळा जमवतो, आणि मग खाते क्रमांक टाकतो. संगणकाला काम कळते ते शेवटच्या चाळीस सेकंदांत. मोठ्या भरण्यात त्याआधीची सात-आठ मिनिटे त्याच्या लेखी घडलेलीच नसतात. पासबुक भरले किंवा कुणाला खात्यातली शिल्लक सांगितली, तर त्याचे व्हाउचरही होत नाही.

म्हणून मी ग्राहकांच्या बाकावर बसलो. तीन दिवस निवडले होते. पेन्शनच्या गर्दीची ३ तारीख, एक बाजाराचा मंगळवार, आणि महिन्याच्या शेवटाकडचा एक सुस्त दिवस. घड्याळ हातात धरून काउंटरसमोर उभे राहिले की माणूस एकतर घाई करतो किंवा मुद्दाम सावकाश करतो. बाकावरून दिसणारे काम जास्त खरे असते. ग्राहक खिडकीशी आला की सुरू, आणि पुढचा खिडकीशी आला की बंद, इतकाच नियम ठेवला.

मंगळवारी दुपारी एक वितरक आला. टेम्पोने खेडोपाडीच्या दुकानांना बिस्किटे आणि वेफर्स पोचवणारा. कापडी पिशवीतून त्याने चौदा-पंधरा जुड्या काउंटरवर ठेवल्या. रबर लावलेले, पण शंभराच्या गड्ड्या नव्हत्याच. एकीत १२६ नोटा, दुसरीत ८३, दहा आणि वीसच्या एकत्र, काही उलट्या, काही दुमडलेल्या. हेड कॅशियरनी रबर काढले, दहा-वीस-पन्नास वेगळ्या केल्या, सगळ्यांची गांधीजींची बाजू एकीकडे आणली, चिकटपट्टी लावलेल्या नोटा बाजूला काढल्या. मग मशीन. एका ओलसर नोटेने ती अडकली, पुन्हा उघडली, पुन्हा मोजले. शंभराच्या गड्डीला कागदी पट्टी बांधली, तारखेसह सही केली. रिझर्व्ह बँकेने नोटांना स्टेपल मारायला केव्हाच बंदी केलेली आहे, आणि १०० रुपये व त्यावरच्या नोटा मशीनवर तपासल्याशिवाय पुन्हा ग्राहकाला देता येत नाहीत. शेवटी एकूण रक्कम स्लिपपेक्षा वीस रुपयांनी कमी भरली. वितरकाने खिशातून वीसची नोट काढून दिली, स्लिपवरचा तपशील खोडून नवीन लिहिला, सही केली. पंधरा मिनिटे होत आली होती, आणि मागे रांगेत सात माणसे उभी होती. मुख्य कार्यालयाच्या कागदावर हे एक व्हाउचर, शंभर रुपये. त्यानंतरच्या आजींनी दीड हजार काढले, त्याचेही एक व्हाउचर, शंभर रुपये.

मिनिटाचा भाव

तीन माणसे, महिन्याचे साधारण २४ दिवस (दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार वगळून), रोजचे आठ तास. कागदोपत्री ३४,५६० मिनिटे होतात. पण जेवण, चहा, रजा, प्रशिक्षण, लिंक बंद पडणे हे सगळे धरले तर माणशी रोज सहा तासच हाताशी येतात. म्हणून मी २६,००० मिनिटे धरली. २,३४,००० भागिले २६,००० म्हणजे काउंटरचे एक मिनिट ९ रुपयांचे. पासिंगच्या ढिगात अशीच ९,५०० मिनिटे निघाली, म्हणजे मिनिटाला १० रुपये. अधिकाऱ्यांचे पगार लिपिकांपेक्षा बरेच जास्त असूनही फरक एकाच रुपयाचा दिसतो. जागा, वीज, यंत्रणा आणि शिपाई यांचा मोठा वाटा काउंटरकडे आहे, म्हणून तसे.

रोज सहा तासांऐवजी कुणी साडेसहा धरले तर मिनिटाचा भाव काहीसा उतरेल. त्यावर भांडण्यात अर्थ नाही, कारण सगळ्या कामांचा भाव साधारण एकाच प्रमाणात हलतो आणि कोणते काम महाग, कोणते स्वस्त हा क्रम बदलत नाही.

रोकडीच्या ढिगाला मात्र मिनिटाचे माप चालत नव्हते. सकाळी तिजोरी उघडून रोकड काढणे आणि संध्याकाळी बंद करणे हे काम रोजचेच असते, त्यातली काउंटरची मिनिटे १०,८०० रुपयांची आणि अधिकाऱ्यांची ७,२०० रुपयांची होती. ती मी ३१,००० मध्ये मिळवली. झाले ४९,००० रुपये. हे कशावर वाटायचे? रुपयांवर वाटले तर पाचशेच्या दोन गड्ड्या भरणारा सराफ सगळ्यात महाग ठरतो, आणि तो तर कॅशियरला सगळ्यात सोपा ग्राहक आहे. तिजोरी भरते नोटांच्या संख्येने. गाडी पाठवावी लागते तीही दहा-वीसच्या गड्ड्यांनी जागा अडवली म्हणून. विम्याचा भाग खरोखर रुपयांवर अवलंबून असतो, पण तो या ढिगात लहान आहे. म्हणून माप धरले गड्डीचे. महिन्याला शाखेत ४,९०० गड्ड्या हाताळल्या जातात, म्हणजे गड्डीला १० रुपये. त्यांतल्या ४,००० गड्ड्या चारशे व्यापारी भरण्यांतून येतात. उरलेल्या अडीच हजार लहान भरण्या-काढण्यांच्या मिळून अवघ्या ९०० होतात.

भरण्याच्या वेळेला एकच सरासरी न लावता सूत्र लावले:

```
भरण्याची मिनिटे = 3 + 0.8 × गड्ड्या
```

खाते बघणे, नोंद करणे, पावतीवर शिक्का मारणे याची तीन मिनिटे सगळ्यांना सारखी. पुढे दर गड्डीला पाऊण मिनिटाहून थोडे जास्त. लहान ग्राहकाकडे पंधरा-वीस नोटा असतात, त्यांना वेगळा वेळ धरायची गरज पडली नाही. दहा गड्ड्यांच्या व्यापारी भरण्याला अकरा मिनिटे लागतात.

तक्ता

| काम | महिन्याची संख्या | काउंटर मिनिटे | पासिंग मिनिटे | एका कामाचा खर्च (रु.) |
|---|---|---|---|---|
| लहान रोख भरणा | १,३०० | ३ | ०.५ | ३५ |
| व्यापारी भरणा (१० गड्ड्या) | ४०० | ११ | १.५ | २१४ |
| रोख काढणे | १,२०० | ३ | १ | ४१ |
| क्लिअरिंगचा चेक | ७०० | २ | १.५ | ३३ |
| एनईएफटी, आरटीजीएस, डीडी | ६०० | ५ | २ | ६५ |
| पिग्मी व हप्त्यांची आंतरखाते व्हाउचर | ८०० | ०.५ | ०.२५ | ७ |
| पासबुक भरणे | २,५०० | १.२ | – | ११ |
| चौकशी | १,२०० | १ | ०.५ | १४ |
| केवायसी, नाव-मोबाइल-वारस बदल | १०० | १४ | ६ | १८६ |

पहिल्या सहा ओळींची संख्या बरोबर ५,००० भरते. मुख्य कार्यालय मोजत होते तेवढीच. खालच्या तीन ओळींना व्हाउचर नाही, म्हणून त्यांच्या भागाकारात त्या कुठेच नव्हत्या. पण त्यांच्यावर महिन्याला ६२,४०० रुपये खर्च होतात, म्हणजे ग्राहकसेवेच्या खर्चातले सतरा टक्के. केवायसीचे काम तर वाढत जाणारे आहे. कमी जोखमीच्या खात्याची माहिती दहा वर्षांनी, मध्यम जोखमीच्या खात्याची आठ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्या खात्याची दोन वर्षांनी अद्ययावत करावी लागते, आणि या शाखेत बरीचशी खाती एकाच काळात उघडलेली असल्यामुळे त्यांची मुदतही एकदमच भरत होती.

सगळ्या ओळींची बेरीज ३,१०,७०० रुपये होते. दिवसअखेरीचे रोकडीखेरीजचे पासिंगचे काम ७,२०० रुपये. उरतात ४२,१०० रुपये, आणि हा न वापरलेल्या वेळाचा खर्च आहे. काउंटरवर महिन्याला २,५०० मिनिटे आणि अधिकाऱ्यांकडे १,९६० मिनिटे. अधिकाऱ्यांच्या आकड्यावर मी फार भार देत नाही, कारण शाखाधिकाऱ्यांचा चाळीस टक्के वेळ हा आमचा दोघांचा अंदाज होता. काउंटरचा आकडा मात्र बघून काढलेला आहे. हे ४२,१०० रुपये मी कोणत्याही व्यवहारावर टाकले नाहीत. तक्त्याच्या खाली वेगळी ओळ करून ठेवले. समजा टाकले असते, तर काउंटरच्या मिनिटाचा भाव ९ वरून १० च्या आसपास गेला असता आणि गर्दी घटली की प्रत्येक ग्राहक आपोआप महाग दिसला असता. मग शुल्क वाढते, गर्दी आणखी घटते, आणि मिनिट पुन्हा महाग होते.

हे २,५०० मिनिटांचे रिकामपण महिन्यात सारखे पसरलेले नाही. १ ते १० तारखेत आणि दर मंगळवारी तर वेळ कमीच पडतो. रिकामपण आहे ते पुढच्या वीस दिवसांत, बहुतेक दुपारी तीननंतर.

प्रस्तावांचे काय झाले

लिपिक हलवण्याचा प्रस्ताव तक्ता बघताच बाजूला ठेवावा लागला. एक माणूस कमी केला तर २६,००० पैकी साडेआठ हजारांहून जास्त मिनिटे जातात, आणि मोकळी आहेत फक्त २,५००. रांग रस्त्यावर आली असती.

काढणाऱ्यांवरच्या शुल्काची चर्चा जास्त वेळ चालली. व्यवहार शंभरचा नसून ४१ रुपयांचा आहे, हे मान्य झाले. मग एका संचालकांनी विचारले, "तरी हे लोक एटीएमकडे वळले तर ४१ वाचतातच ना?" या शाखेचे स्वतःचे एटीएम नाही. खातेदार दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढतो तेव्हा आपल्या बँकेला त्या बँकेला इंटरचेंज शुल्क द्यावे लागते. १ मे २०२५ पासून ते आर्थिक व्यवहाराला १९ रुपये आहे. १९ हे ४१ पेक्षा कमी, म्हणून एटीएम स्वस्त, असे वरवर दिसते. पण ते १९ रुपये बँकेच्या खात्यातून खरोखर बाहेर जातात, आणि ४१ मधले जवळजवळ सगळे पगार, भाडे आणि यंत्रणेचे आहेत. आजी एटीएमवर गेल्या म्हणून हेड कॅशियरचा पगार कमी होत नाही, तीन मिनिटे मोकळी होतात इतकेच. त्या मोकळ्या मिनिटांना दुसरे काम मिळाले नाही, तर बँकेचा खर्च १९ रुपयांनी वाढलेला असतो. ॲक्टिव्हिटी कॉस्टिंगचा आकडा हातात आला की तो 'वाचणारा खर्च' म्हणून वापरायची चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. ४१ रुपये म्हणजे त्या कामाने यंत्रणेतला किती वाटा वापरला, एवढेच. तो वाटा परत मिळतो का, हा वेगळा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर तक्त्यात नसते. शुल्काचा प्रस्ताव तिथेच मागे घेतला गेला. मला त्याचे समाधान वाटले, हे लपवत नाही.

मग लक्ष व्यापाऱ्यांकडे गेले, आणि काटा एकदम दुसऱ्या टोकाला जाण्याचा धोका निर्माण झाला. चारशे भरण्यांवर महिन्याला ८५,६०० रुपये, म्हणजे त्यांच्यावर शुल्क लावा, असा सूर निघाला. इथे थांबून दोन खाती उलगडून दाखवावी लागली.

बिस्किटांच्या वितरकाच्या भरण्यात सरासरी चौदा गड्ड्या असतात. सूत्राने १४.२ मिनिटे, म्हणजे काउंटरचे १२८ रुपये, पासिंगचे १५, गड्ड्यांचे १४०, मिळून २८३. महिन्यात चोवीस भरणे, साधारण ६,८०० रुपये. त्याच्या चालू खात्यात सरासरी तीन लाख राहतात, आणि चालू खात्याला व्याज द्यावे लागत नाही. बँक आपल्या शाखांना अशा ठेवीवर आतल्या हिशेबात सहा टक्के देते, म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. हे खाते शाखेला तोट्यातच जाते.

दुसरे खाते कृषी सेवा केंद्राचे. भरण्यात सहा गड्ड्या, खर्च १४५ रुपये, महिन्याला साधारण ३,५००. खात्यात सरासरी अकरा लाख, त्याचे ५,५००. शिवाय त्यांचे कॅश क्रेडिट इथेच आहे, त्याचे व्याज या तक्त्यात धरलेलेही नाही. दोघेही व्यापारी, दोघेही रोज येणारे. सरसकट शुल्क लावले असते तर दुसरा आधी गेला असता, कारण त्याला दारात येऊन बोलावणारी दुसरी बँक होतीच.

शाखेने काय केले

शुल्काआधी कामाची रीत बदलायची ठरली. शाखाधिकाऱ्यांनी रोज भरणा करणाऱ्या व्यापाऱ्यांची एक बैठक घेतली आणि कागदी पट्ट्या फुकट दिल्या. मूल्याप्रमाणे वेगळ्या, एका बाजूला लावलेल्या, मोजून शंभराच्या गड्ड्या आणल्या तर दुपारी अडीचनंतर वेगळ्या खिडकीवर लगेच भरणा घेऊ, असे सांगितले. व्यापाऱ्याला रांगेत अर्धा तास उभे राहण्याचा जाच होताच, त्यामुळे बहुतेकांनी मानले. कॅशियर तरीही प्रत्येक गड्डी मशीनवर मोजतो, तो नियम सोडला नाही. पण वेगळ्या करणे आणि सरळ करणे हे काम वाचले. हेड कॅशियरनी दुसरी गोष्ट सुचवली, ती माझ्या तक्त्यात कधीच आली नसती. "दहा-वीसच्या नोटा आपण गाडीने पाठवतो, आणि मेडिकलवाले, पेट्रोल पंपवाले सुट्ट्यासाठी आपल्याकडेच रडतात." त्यांनी मागणी करणाऱ्यांची वही सुरू केली आणि चांगल्या अवस्थेतल्या लहान नोटा गावातच फिरवल्या.

चार महिन्यांनी मी पुन्हा त्याच बाकावर बसलो. गड्डीमागे ०.८ ऐवजी ०.५५ मिनिट लागत होते, म्हणजे दहा गड्ड्यांचा भरणा अकरावरून साडेआठ मिनिटांवर आला होता. रोकड पाठवायच्या गाडीच्या महिन्याला आठ खेपा होत होत्या, त्या पाचवर आल्या. खेपेला अडीच हजार धरले तर ७,५०० रुपये वाचले आणि गड्डीचा भाव दहावरून साडेआठवर उतरला. व्यापारी भरण्याचा खर्च २१४ वरून १७६ झाला.

कागदावर चारशे भरण्यांमागे पंधरा हजारांची बचत दिसते. प्रत्यक्षात बँकेच्या खिशात राहिले ते गाडीचे ७,५०० रुपयेच. उरलेली बचत म्हणजे महिन्याची हजार मोकळी मिनिटे, आणि ती आधीच्या अडीच हजारांत जाऊन मिसळली होती. म्हणून ११ तारखेपासून महिनाअखेरीपर्यंत, दुपारी तीननंतर, एका लिपिक मॅडमना सोनेतारणाच्या टेबलावर आणि केवायसीच्या थकलेल्या यादीवर बसवले. त्यासाठी आधी एक कंत्राटी माणूस घ्यायचा विचार चालला होता, तो रद्द झाला. हजार मिनिटांना किंमत आली ती इथे. पासबुक छापणारी मशीन बसवायचे मात्र शाखेने पुढे ढकलले. तिने तीन हजार मिनिटे मोकळी होतील, पण ती कुठे लावायची हे ठरलेले नव्हते, आणि अर्ध्या पासबुकवाल्यांना मशीन कशी वापरायची ते दाखवायला माणूस उभा करावाच लागला असता.

वितरकाने गड्ड्या लावून आणायला सुरुवात केली, तरी त्याचे खाते अजून तोट्यातच आहे. शाखाधिकाऱ्यांनी त्याला खात्यात सरासरी शिल्लक वाढवायला सांगितले आहे, आणि दिवाळीनंतर त्याचा हिशेब पुन्हा करायचा ठरला आहे. मुख्य कार्यालयाच्या मासिक नमुन्यात 'व्हाउचर संख्या' या ओळीखाली आता आणखी तीन ओळी आल्या आहेत : हाताळलेल्या गड्ड्या, भरलेली पासबुके आणि पूर्ण केलेली केवायसी. पहिल्या महिन्यात दोन शाखांनी त्या कोऱ्याच पाठवल्या होत्या. त्या परत पाठवून भरून घेतल्या.